चार नावांची एकच ‘परीक्षा’

एका शिक्षणसंस्थेच्या सोशल मीडियाचं काम मी हातात घेतलं, तेव्हा शीटमध्ये प्रत्येक पोस्टपुढे तिच्या विषयाचा टॅग लावणं ही मला पोस्ट टाकून झाल्यावरची किरकोळ आवराआवर वाटायची. तीन महिन्यांचा पहिला रिपोर्ट आला आणि तो समज गेला.

त्या रिपोर्टात ‘करिअर’ हा विषय सगळ्यात वर होता: १४ पोस्ट, १६,८०० व्ह्यूज. परीक्षेच्या पोस्ट चालत नाहीत, त्या कमी करू, असं बैठकीत ठरलंही. शंका आली म्हणून मी यादी खालपर्यंत वाचली. परीक्षा तिथे चार ओळींत विखुरली होती: ‘परीक्षा’ ९ पोस्ट, ‘exam’ ७, ‘exams’ ४, आणि पुन्हा एकदा ‘परीक्षा’ ३. चारही एकत्र केल्यावर २३ पोस्ट आणि २८,८०० व्ह्यूज झाले. म्हणजे पोस्टमागे साधारण १,२५०, तर करिअरच्या पोस्टमागे १,२००. दोन्ही विषय तोडीस तोड होते.

‘परीक्षा’ दोनदा का, हे मात्र डोळ्यांना दिसेना. शेवटी शीटमध्ये दोन्हींची लांबी मोजली.

```
=LEN(A2)
```

एकीकडे ७ आलं, दुसरीकडे ८. शेवटी एक स्पेस चिकटली होती. (काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून तीन अक्षरांच्या शब्दाचे ७.) स्पेस `TRIM` ने जाते. पण देवनागरीत कधी कधी जोडाक्षरासाठी वापरलेली न दिसणारी चिन्हंही कॉपी-पेस्टबरोबर येतात, आणि ती `TRIM` ने जात नाहीत. म्हणून आता मी टॅगचा कोड इंग्रजी लहान अक्षरांत ठेवते, शब्दांमध्ये आडवी रेघ देते आणि मराठी नाव शेजारच्या रकान्यात वाचण्यापुरतं लिहिते. कोड हाताने टाइप करायचाच नाही. ड्रॉपडाउनमधूनच निवडायचा आणि यादीबाहेरचं काही शीटने घ्यायचंच नाही.

दुसरी गफलत जास्त खोल होती. टॅगचा रकाना एकच होता आणि त्यात विषय, मोहीम आणि वाचक सगळं कोंबलेलं असायचं: ‘परीक्षा, प्रवेश मोहीम, पालक’. अशा पोस्टचे व्ह्यूज तिन्ही टॅगांत मोजले जातात. सगळ्या टॅगांची बेरीज एकूण व्ह्यूजपेक्षा जास्त भरली, तर हेच झालेलं असतं. आम्ही तीन रकाने केले:

```
theme     exam-prep
campaign  admission-2024-06
audience  parents
```

प्रत्येकात एकच नोंद. विषय दोन वाटले, तर कुठल्या विषयासाठी कोणी ती पोस्ट पुन्हा शोधेल, तो निवडायचा. मोहीम नसेल तर रकाना रिकामा न ठेवता `none` लिहायचं, नाहीतर ‘मोहीम नव्हती’ आणि ‘भरायचं राहिलं’ यात फरकच कळत नाही. वाचकाच्या रकान्यात पोस्ट कोणासाठी लिहिली ते येतं. प्रत्यक्षात कोणी पाहिली, ते हा टॅग सांगत नाही. नवी माणसं इथे हमखास फसतात.

मग त्याच २३ पोस्ट वाचकांप्रमाणे वेगळ्या केल्या. विद्यार्थ्यांसाठीच्या १५ पोस्टना सरासरी १,०२० व्ह्यूज होते आणि पालकांसाठीच्या ८ पोस्टना जवळपास १,६९०. मी हरखून पालकांच्या पोस्ट वाढवायला सांगणारच होते. पण त्या आठांपैकी एकीलाच ६,००० मिळाले होते. ती बाजूला ठेवल्यावर उरलेल्या सातांची सरासरी १,०७० च्या आसपास आली, म्हणजे फरक जवळजवळ उरलाच नाही. टॅग नीट लागले की गट लहान होत जातात, आणि लहान गटात एक गाजलेली पोस्ट सरासरीला कुठल्या कुठे नेते. तेव्हापासून मी सरासरीच्या शेजारी मध्यक लावते आणि पोस्टची संख्या तर लिहितेच.

जुने टॅग बदलताना ‘जुना कोड – नवा कोड’ अशी दोन रकान्यांची यादी करून ठेवा आणि रिपोर्ट तिच्यावरून जोडा. शीटमध्ये मागचं दुरुस्त करता येतं, पोस्टमधल्या लिंकला जोडलेल्या मोहिमेच्या नावात येत नाही. `utm_campaign=Admission` आणि `utm_campaign=admission` या गूगल ॲनालिटिक्सला दोन वेगळ्या मोहिमा वाटतात, आणि एकदा नोंदले गेलेले जुने आकडे तिथे नव्या नावाखाली सरकत नाहीत. म्हणून आमच्याकडे लिंक आता शीटच बनवते, त्याच `campaign` रकान्यातून. तरी घाईत कोणीतरी हाताने लिंक लिहितंच. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकदाच आलेली नावं मी वेगळी काढते. बहुतेक घोळ तिथेच सापडतात.