हॅश टेबल संथ चालतंय? या चुका टाळा

बेळगावात पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवताना एक वाक्य रोज कानावर येतं: "सर, लोड फॅक्टर पाऊणच आहे, म्हणजे टेबल बरोबरच आहे." नाही रे बाबा. लोड फॅक्टर म्हणजे एकूण नोंदी भागिले एकूण कप्पे. त्या नोंदी कप्प्यांत कशा पसरल्यात, ते तो आकडा सांगत नाही.

चिकोडीकडचा एक विद्यार्थी एका साखर कारखान्याच्या काटा पावत्या जुळवत होता. पावत्या 3 लाख, कप्पे 4 लाख, लोड फॅक्टर 0.75. तरी प्रोग्रॅम संपता संपेना. पावतीचा नंबर म्हणजे अनुक्रमांक आणि त्याला जोडून हंगामाचं साल: 12019, 22019, 32019. पावती कोणत्या कप्प्यात जाईल ते ठरवणारं त्याचं हॅश फंक्शन असं होतं:

```python
b = pavati % 400000
```

पहिली पावती 12019 व्या कप्प्यात गेली. एकेचाळिसावी 412019, तिची बाकीही 12019. एक्याऐंशीवी 812019, तीही तिथेच. दोन पावत्यांत अंतर 10,000 चं आणि 4 लाखांना 10,000 नं पूर्ण भाग जातो, म्हणून फक्त 40 कप्पे भरले. एकेका कप्प्यात 7,500 पावत्यांची साखळी, म्हणजे एक पावती शोधायला सरासरी 3,750 तुलना. घाईत त्यानं कप्पे 8 लाख केले. लोड फॅक्टर 0.375 वर आला, पण भरलेले कप्पे 80 च आणि साखळी 3,750 ची. मी आकार 400001 करायला लावला. त्याला 2 नं किंवा 5 नं भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक पावतीला स्वतंत्र कप्पा मिळाला. मी स्वतः नेहमी मूळ संख्याच घेतो, आणि टेबल भरल्यावर हे छापल्याशिवाय पुढे जात नाही:

```python
print(n / len(table), max(len(c) for c in table))
```

दुसरा आकडा शेकड्यांत आला, तर दोष हॅश फंक्शनचा.

दुसरी चूक म्हणजे टेबल वाढवायचंच नाही. नोंदी नीट पसरल्या, तर असलेली नोंद शोधायला साधारण 1 अधिक लोड फॅक्टरचा निम्मा इतक्या तुलना लागतात. 0.75 ला त्या दीडच्या आत राहतात, मग नोंदी 3 हजार असोत की 3 लाख. सरासरी वेळ स्थिर म्हणतात तो यामुळेच. पण कप्पे तेवढेच ठेवून नोंदी 30 लाख झाल्या, तर लोड फॅक्टर साडेसातावर जातो आणि तुलना पावणेपाच होतात. म्हणून 0.75 ओलांडलं की मी आकार दुपटीच्या जवळपासच्या मूळ संख्येवर नेतो. हलवाहलव खर्चिक वाटते, पण दर वेळी दुप्पट केल्यामुळे आजवर हलवलेल्या सगळ्या नोंदींची बेरीज एकूण नोंदींच्या साधारण दुपटीतच राहते. दर वेळी हजारच कप्पे वाढवणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही.

वाढवताना जुना कप्पा क्रमांक तसाच उचलू नका, नव्या आकारानं बाकी पुन्हा काढा.

कप्पा आधीच भरलेला असला की साखळीऐवजी शेजारचा रिकामा कप्पा शोधत असाल, तर लोड फॅक्टर 0.9 होईपर्यंत थांबू नका. तिथे नसलेली नोंद शोधायला सरासरी पन्नासेक कप्पे बघावे लागतात, 0.5 ला अडीच पुरतात. आणि काढलेल्या नोंदीचा कप्पा रिकामा न करता 'काढलेली' अशी खूण ठेवा, नाहीतर तिच्या पुढची नोंद असूनही सापडत नाही.