या चुका टाळा : कम्युटेटर बरोबर, निष्कर्ष चूक

आधी वखरणी, मग पेरणी. क्रम उलटा केला तर वखराची पास पेरलेलं बी उकरून काढते. AB आणि BA वेगळे का असतात, हे सांगायला आपल्याकडच्या वर्गात याहून जवळचं उदाहरण नाही. पण याच उदाहरणामागून एक चूक वहीत शिरते. ऑपरेटर लावणं म्हणजे मोजमाप करणं, असं विद्यार्थी धरून चालतात.

इलेक्ट्रॉनचा स्पिन z दिशेला वर आहे असं समजा, म्हणजे स्टेट |↑⟩. त्यावर σx लावला की |↓⟩ मिळतो. पण Sx प्रत्यक्ष मोजला तर मोजल्यानंतरची स्टेट |↓⟩ कधीच नसते. उत्तर +ħ/2 किंवा −ħ/2 येतं, दोन्हींची शक्यता सारखीच, आणि मग इलेक्ट्रॉन Sx च्या त्या उत्तराच्या आयगेनस्टेटमध्ये असतो. म्हणून "आधी A मोजला, मग B मोजला" हे BAψ असं लिहू नका. कम्युटेटर सांगतो ते वेगळं आहे. [A,B] = 0 असेल तर दोघांच्या सामाईक आयगेनस्टेटचा पूर्ण संच सापडतो. मग A मोजा, B मोजा, पुन्हा A मोजा. A चं पहिलंच उत्तर परत येतं. "एकत्र मोजता येतात" याचा अर्थ हाच.

हिशोबातली एक चूक इथेच सांगून टाकू. [x,p] काढताना ऑपरेटरपुढे f(x) न लिहिता डेरिव्हेटिव्ह घेतला की उत्तर हमखास बिघडतं. p(xf) मध्ये गुणाकाराच्या नियमाने दोन पदं येतात, त्यातल्या एकातूनच iħ उरतो. f शेवटच्या ओळीपर्यंत ठेवा, मगच काढा.

खरी अडचण मात्र डिजनरसीत आहे, आणि परीक्षेत सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. हे दोन मॅट्रिक्स घ्या:

```
A = | 1 0 0 |      B = | 0 1 0 |
    | 0 1 0 |          | 1 0 0 |
    | 0 0 2 |          | 0 0 3 |
```

गुणाकार करून बघा, AB = BA निघतं. आता विद्यार्थी A चा आयगेनव्हेक्टर (1,0,0) घेतो, त्यावर B लावतो आणि (0,1,0) मिळतो. हा मूळ व्हेक्टरचा पटीतला नाही. मग तो गुणाकारावरच शंका घेतो, किंवा "एकत्र मोजता येत नाहीत" असं लिहून मोकळा होतो. दोन्ही चूक. A ची आयगेनव्हॅल्यू १ दोनदा येते, त्यामुळे पहिल्या दोन अक्षांच्या पातळीतला शून्य सोडून कोणताही व्हेक्टर A ला चालतो. [A,B] = 0 एवढीच हमी देतो की B त्या पातळीतल्या व्हेक्टरला पातळीबाहेर नेणार नाही. पातळीतले योग्य व्हेक्टर आपल्याला निवडावे लागतात. त्यासाठी B चा वरच्या डाव्या कोपऱ्यातला २×२ तुकडा घ्या आणि तेवढाच डायगोनल करा. (1,1,0)/√2 ला B = +1 आणि (1,−1,0)/√2 ला B = −1 मिळतं. तिसरा (0,0,1), त्याला A = 2, B = 3. झाला सामाईक संच.

आता (1,0,0) वर मोजमाप चालवा. A चं उत्तर १, स्टेट तशीच राहते. B चं उत्तर +1 किंवा −1, शक्यता निम्मी-निम्मी, आणि स्टेट बदलते. पुन्हा A मोजा, परत १ च. स्टेट बदलली म्हणून A बिघडला असं समजू नका. ती A च्या त्याच पातळीत फिरली. अट एकच आहे. A मोजणाऱ्या यंत्राने (1,0,0) आणि (0,1,0) यांत भेद करता कामा नये. भेद केला तर ते A सोबत आणखी काहीतरी मोजतं, आणि ते "आणखी काही" B शी कम्यूट होत नाही.

याच्या उलट चूकही दिसते. एखादी सामाईक स्टेट सापडली की ऑपरेटर कम्यूट होतात, असं ठरवून टाकलं जातं. l = 0 स्टेटमध्ये Lx, Ly, Lz तिन्ही शून्य, तिन्ही निश्चित. तरीही [Lx,Ly] = iħLz, हा ऑपरेटर शून्य नाही. एका स्टेटने काम भागत नाही, पूर्ण संच हवा.

आणि अनिश्चिततेच्या सूत्रात उजवी बाजू शून्य दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. l = 1, m = 0 घ्या. ⟨Lz⟩ = 0, म्हणून ΔLx·ΔLy ≥ 0 एवढंच सूत्रातून हाती लागतं. प्रत्यक्षात ΔLx आणि ΔLy काढले तर दोन्ही ħ येतात. त्या स्टेटमध्ये Lx निश्चित नाही आणि Ly सुद्धा नाही.