जुने घड्याळ विकण्यापूर्वी त्याची तबकडी रंगवू नका

वडिलांचे चावीचे एचएमटी जनता विकायला काढले, तेव्हा परभणीतील एका दुकानदाराने ‘तबकडी रंगवून घ्या, भाव वाढेल’ असे सुचवले. संग्राहक मात्र मूळ तबकडीलाच पैसे मोजतो, मग ती पिवळसर का पडलेली असेना.

१. भिंगातून तबकडी पाहावी. अक्षरांच्या कडा पसरलेल्या असतील किंवा मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नसतील, तर ती पूर्वीच रंगवलेली असण्याची शक्यता मोठी असते.

२. सकाळी पूर्ण चावी देऊन मोबाइलच्या वेळेशी सेकंदासह जुळवावे आणि चोवीस तासांनी फरक लिहून ठेवावा. आमचे चाळीस सेकंद मागे पडले.

३. डबी, गॅरंटी कार्ड आणि दुरुस्तीच्या पावत्या एकत्र ठेवून त्यांचे फोटो काढावेत. कार्डावरचे नाव-पत्ता मात्र झाकावे.

४. भाव ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे न धरता, तशाच स्थितीतील घड्याळे प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहावे.

जाहिरातीत आम्ही असे लिहिले: ‘मूळ तबकडी, सहाच्या अंकाजवळ डाग, काच व पट्टा बदललेला, दिवसाला चाळीस सेकंद मागे, तेलपाणी दोनदा, शेवटच्याची पावती आहे, आधीची नाही, डबी आहे, कार्ड नाही.’ डागाचा फोटो उन्हात न काढता खिडकीजवळच्या उजेडात काढावा, कारण उन्हाच्या चकाकीत डाग दिसत नाही आणि नंतर ग्राहक घड्याळ परत पाठवतो.

मागचे झाकण पॉलिश करून घेऊ नये. त्यावरचे कोरलेले आकडे झिजतात.