‘गिव्ह अप’ आणि ‘टर्न डाउन’ मराठीत कसे आणावेत

गेल्या हंगामात पिंपळगाव बसवंतकडचे एक बागाईतदार एका ईमेलची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आले. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. त्यांची द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या एजंटाने तो ईमेल पाठवला होता. अडलेली वाक्ये तीनच होती: ‘द बायर टर्न्ड डाउन अवर फर्स्ट ऑफर. वी हॅव नॉट गिव्हन अप. प्लीज टर्न डाउन द कोल्ड रूम बिफोर लोडिंग.’

आप्पांच्या बीएला असलेल्या मुलीने खाली पेन्सिलीने भाषांतर केले होते. ‘खरेदीदाराने आमचा पहिला प्रस्ताव नाकारला. आम्ही हार मानलेली नाही. माल भरण्याआधी कोल्ड रूम कमी करा.’ शब्दकोशाप्रमाणे यात एकही चूक नाही. तरी आप्पा विचारत होते, “हार कसली, ताई? त्यांचं भांडण झालंय का? आणि कोल्ड रूम कमी करायची म्हणजे थंडी कमी करायची?”

हीच तीन वाक्ये धरून पुढचा रस्ता सांगते. मी नाशकात इंग्रजी शिकवते आणि भाषांतराची कामेही करते. ‘टर्न डाउन’सारख्या जोडक्रियापदांपाशी माझे विद्यार्थी नेहमी एकाच कारणाने अडखळतात: त्यांना एका इंग्रजी जोडीसाठी एकच मराठी शब्द हवा असतो.

सगळ्यात आधी ही खरोखर जोडी आहे का ते ओळखायचे. ‘ही टर्न्ड डाउन द लेन’ म्हणजे तो गल्लीत वळला. इथे ‘डाउन’चे नाते गल्लीशी आहे. ‘ही टर्न्ड डाउन द जॉब’मध्ये मात्र ‘डाउन’ क्रियापदाला चिकटलेले आहे. पारखायला सोपी खूण अशी, की नामाच्या जागी ‘इट’ घालून ते मध्ये सरकवून पाहावे. ‘टर्न्ड इट डाउन’ हे नोकरीबद्दल म्हणता येते, गल्लीबद्दल म्हणता येत नाही. ‘लुक आफ्टर’सारख्या काही जोड्या मात्र मध्ये काहीच शिरू देत नाहीत आणि तरीही जोड्याच असतात. त्यामुळे शब्द मध्ये सरकला तर जोडी नक्की, पण सरकला नाही म्हणून ती जोडी नाही असे ठरवू नका.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इंग्रजी जोडी झाकून ठेवा आणि फक्त कर्माकडे पाहा. काय सोडले? कोणी सोडले? आपणहून की नाइलाजाने? ‘गिव्ह अप’ घेऊन हे करून बघू.

तंबाखू असेल, तर ‘सोडली’. नोकरीही ‘सोडली’. आशाही ‘सोडली’. इथवर एक शब्द पुरतो आणि म्हणूनच विद्यार्थी फसतात. पुढे बसमधली जागा आली की ‘सोडली’ म्हटल्यावर माणूस उतरून गेल्यासारखे वाटते. म्हाताऱ्या बाईंसाठी कोणी उठले, तर आपण ‘जागा दिली’ म्हणतो. पोलिसांपुढे आलेला गुन्हेगार ‘स्वाधीन होतो’ किंवा ‘शरण येतो’. रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांनी ‘हात टेकले’. कोडे सुटेना, तेव्हा इंग्रजीत विचारतात ‘डू यू गिव्ह अप?’, आपल्याकडे मुले विचारतात, “हरलास का?” आणि समोरचा म्हणतो, “हरलो, सांग आता.” हार मानणे इथे अगदी चपखल बसते, कारण समोर कोणीतरी जिंकणारे आहे. वडिलोपार्जित जमिनीतला वाटा बहिणीने भावाला दिला तर ती ‘हक्कसोड’. तिथे तलाठ्यापासून वकिलापर्यंत कोणालाच दुसरा शब्द सुचणार नाही.

बुडालेल्या पैशांसाठी तर मराठीने फार सुंदर सोय करून ठेवली आहे. ‘उधारीच्या त्या वीस हजारांवर मी पाणी सोडलं.’ दान देताना हातावरून उदक सोडतात, म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. रामकुंडावर हा विधी रोज पाहायला मिळतो. पण नाशकात हा वाक्प्रचार लिहिताना ‘वर’ हा प्रत्यय विसरू नका. ‘गंगापूर धरणातून पाणी सोडलं’ ही पावसाळ्यातली बातमी असते. पैशांवर पाणी सोडलं, तर ते परत येणार नाहीत. एका प्रत्ययाने अर्थ इतका बदलतो.

आता ‘टर्न डाउन’. इथे कर्माबरोबर सूरही पाहावा लागतो. ‘नाकारणे’ हा शब्द कागदोपत्री ठीक आहे: अर्ज नाकारला, परवानगी नाकारली. तुच्छतेने नाकारले तर ‘धुडकावून लावले’. लग्नाच्या स्थळाला नाकारायचे असेल, तर बहुतेक घरी ‘नकार कळवला’ म्हणतात, कारण तिथे समोरच्याचे मन राखायचे असते. चहाला, जेवणाला साधे ‘नको म्हटलं’. आणि पुष्कळदा मराठीत नाकारण्याचे क्रियापद लागतच नाही, नुसते ‘नाही’ पुरते. लासलगावला कांद्याच्या लिलावात पुकारलेला भाव शेतकऱ्याला पटला नाही, तर ‘शेतकऱ्याने बोली नाकारली’ हे वाक्य पेपरात शोभेल. तो शेतकरी स्वतः घरी येऊन सांगेल, “त्या भावाला माल दिला नाही.” म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, की होकारार्थी क्रियापद सापडत नसेल, तर तीच गोष्ट ‘नाही’ लावून बोलून पाहा. ‘ऐकलं नाही’, ‘घेतलं नाही’, ‘पटलं नाही’ यांत कितीतरी इंग्रजी जोड्या सहज मावतात.

मूळ क्रियापद मिळाले, की त्याच्या मागे दुसरे क्रियापद हवे का ते ठरवायचे. इंग्रजीत ‘अप’, ‘आउट’, ‘अवे’ हे शब्द जो रंग भरतात, तसा रंग मराठीत देणे, टाकणे, बसणे, घेणे ही क्रियापदे भरतात. ‘ईट अप’ला आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो, ‘गिव्ह अवे’ला ‘देऊन टाक’. पण यांची जोडी कायमची लावून घेऊ नका, ‘अप’ म्हणजे ‘टाकणे’ असे समीकरण चालत नाही. एकच नोकरी घ्या. ‘त्याने नोकरी सोडली’ ही नुसती माहिती. ‘नोकरी सोडून दिली’ म्हटले, की विषय संपला, मन मोकळे झाले. ‘नोकरी सोडून बसला’ म्हणणारी बहुधा आई असते आणि तिला ते मुळीच पसंत नसते. इंग्रजीत या तिन्ही जागी ‘गेव्ह अप हिज जॉब’ चालून जाईल, म्हणून कोणते मराठी वाक्य घ्यायचे हे आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरते. सांगणारा खूश आहे, त्रयस्थ आहे की हळहळतो आहे, हे कळेपर्यंत साधे ‘सोडली’ लिहावे. चुकीचा रंग भरण्यापेक्षा तो न भरलेला बरा.

नकार आला की हे दुसरे क्रियापद बहुधा गळते. ‘त्याने नोकरी सोडून दिली नाही’ हे वाक्य समजते, पण कानाला खटकते. आपण ‘सोडली नाही’ म्हणतो. ‘डिडन्ट गिव्ह अप’ लिहिताना तर मुळापासून वेगळा विचार करावा लागतो, कारण नकारात मराठीला आणखी एक नाम लागते आणि ते प्रसंगातून येते. अभ्यासात ‘चिकाटी सोडली नाही’, वसुलीत ‘पिच्छा सोडला नाही’, हट्टात ‘हेका सोडला नाही’, संकटात ‘धीर सोडला नाही’. ‘हार मानली नाही’ हे सगळीकडे चिकटवता येते. आजकाल ते फार चिकटवले जातेही, आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण त्यापायी हे चार शब्द मागे पडत आहेत.

शेवटी उलटी तपासणी. सापडलेला मराठी शब्द मराठी-इंग्रजी कोशात पाहायचा. मी मोल्सवर्थचा कोश उघडते. त्याची दुसरी आवृत्ती 1857 सालची आहे आणि ती इंटरनेटवर मोफत पाहता येते. क्रियापदाखाली त्याचे वाक्प्रचार दिलेले असतात, त्यामुळे आपण योजलेला अर्थ त्या शब्दाला पेलतो का ते दिसते. कोश जुना असल्यामुळे आजचे वळण मात्र त्यात मिळणार नाही. त्यासाठी वाक्य मोठ्याने वाचून ज्या माणसासाठी लिहिले आहे त्यालाच विचारावे, जसे मला आप्पांनी आपणहून विचारले.

आता त्यांचा ईमेल. पहिल्या वाक्यात ‘ऑफर’ म्हणजे प्रस्ताव नव्हे, किलोचा भाव होता. एजंटाने मागितलेला भाव खरेदीदाराला मान्य झाला नव्हता. दुसऱ्या वाक्यात हरण्या-जिंकण्याचा संबंध नव्हता. सौदा अजून तुटलेला नाही, एवढेच त्याला सांगायचे होते. म्हणून मी तिथे ‘सोडणे’ घेतलेच नाही.

तिसऱ्या वाक्यापाशी मी थांबले. ‘टर्न डाउन’चे कर्म यंत्र असते, तेव्हा मराठीत यंत्राचे नाव पुरत नाही, काय खाली यायचे ते सांगावे लागते. टीव्हीचा आवाज कमी करायचा, गॅस बारीक करायचा. पण एसी किंवा कोल्ड रूमच्या बाबतीत इंग्रजीतच घोटाळा आहे: आकडा खाली आणला तर थंडी वाढते, यंत्राचा जोर कमी केला तर थंडी घटते, आणि ‘टर्न डाउन’ दोन्हींसाठी वापरतात. मराठीत ‘एसी कमी कर’ म्हटल्यावर बहुतेक जण थंडावा कमी करतील. निर्यातीची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. थंडी कमी झाली असती, तर देठ सुकायला लागले असते. असा शब्द अंदाजाने कधीही सोडवू नये. आप्पांना मी तिथूनच एजंटाला फोन लावायला सांगितला. त्याला तापमानच खाली आणायचे होते.

मग पेन्सिलीच्या ओळींखाली मी लिहिले: ‘आपण मागितलेला पहिला भाव खरेदीदाराला पटला नाही. आमचं त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे. माल भरण्याआधी कोल्ड रूमचं तापमान आणखी खाली आणा.’ आप्पांनी ते एकदा वाचले, कागदाची घडी खिशात ठेवली आणि कोल्ड स्टोरेजच्या माणसाला फोन लावत बाहेर पडले.