क्रोनोग्राफने गोळीचा वेग मोजताना या चुका टाळा

अमेरिकेत 1000 यार्डांवर, म्हणजे सुमारे 914 मीटरवर, होणाऱ्या एफ-क्लास रायफल स्पर्धांतील लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10 इंच असतो. .308 विंचेस्टर रायफलची 175 ग्रेनची गोळी 2600 फूट प्रति सेकंद वेगाने नळीबाहेर पडली, तर तेथे पोहोचेपर्यंत ती नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे 11 मीटर खाली येते. वेग एक टक्क्याने घटला तर हे अंतर ढोबळमानाने दोन टक्क्यांनी वाढते. म्हणजेच वेगातील 10 फुटांच्या फरकाने गोळी लक्ष्यावर सव्वातीन इंच वर किंवा खाली लागते. तोच फरक 300 यार्डांवर अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे जवळच्या सरावात तो सहसा लक्षातही येत नाही. म्हणूनच गोळीचा वेग मोजणारे यंत्र, म्हणजे क्रोनोग्राफ, वापरावे लागते.

पाच गोळ्यांवरून निष्कर्ष काढणे

समजा, पाच गोळ्यांचे वेग 2598, 2611, 2604, 2585 आणि 2602 फूट प्रति सेकंद असे आले. सरासरी 2600, सर्वाधिक व सर्वांत कमी वेगातील फरक (क्रोनोग्राफच्या पडद्यावरील ES) 26 आणि नोंदी सरासरीभोवती किती पसरतात ते दाखवणारे प्रमाण विचलन (SD) सुमारे 9.6. येथे अनेकांचा हात शिवशिवतो: 2585 ही नोंद ‘चुकून आलेली’ म्हणून पुसली जाते, ES थेट 13 वर येतो, SD साडेपाचच्या खाली जाते आणि काडतूस उत्तम ठरते. प्रत्यक्षात सरासरीपेक्षा 15 फुटांनी मंद असलेली ती गोळी 1000 यार्डांवर सुमारे पाच इंच खाली लागली असती, म्हणजे नेम अचूक असूनही दहाच्या वर्तुळाच्या काठावर. स्पर्धेत ती पुसता येत नाही.

नोंद न पुसताही पाच गोळ्या अपुऱ्याच आहेत. खरी SD 10 असलेल्या काडतुसांच्या पाच गोळ्या मोजल्या तर केवळ योगायोगाने साडेतीनपासून साडेसोळापर्यंत कोणताही आकडा सहज येऊ शकतो. वीस गोळ्यांना हीच मर्यादा साधारण 7 ते 13 अशी आवळते. ES तर गोळ्यांची संख्या वाढेल तसा वाढतच जातो, म्हणून एकाच्या पाच गोळ्यांचा ES दुसऱ्याच्या वीस गोळ्यांच्या ES शी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

यंत्राची चूक गोळीच्या माथी मारणे

प्रकाशावर चालणाऱ्या क्रोनोग्राफमध्ये गोळीची सावली दोन संवेदकांवरून जाण्याच्या वेळेतून वेग काढला जातो. संवेदकांत दोन फुटांचे अंतर असेल, तर 2600 फूट वेगाच्या गोळीला ते कापायला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. ढग, तिरपे ऊन किंवा गोळी जाण्याची बदललेली उंची यांमुळे एका संवेदकाने गोळी तीन मिलिमीटर उशिरा ‘पाहिली’, तरी वाचनात सुमारे 13 फुटांची चूक शिरते. वरच्या उदाहरणातील संपूर्ण SD पेक्षाही ही चूक मोठी आहे! चार फुटांच्या अंतराने ती निम्मी होते. यंत्र नळीच्या फार जवळ ठेवल्यास नळीतून निघणाऱ्या वायूच्या झोतानेच संवेदक सुरू होतो, म्हणून तीन ते साडेचार मीटरचे अंतर राखावे.

संशय असेल तर प्रकाशाचे यंत्र आणि रडार यंत्र एकाच वेळी लावावे आणि सरासरीऐवजी प्रत्येक गोळीची नोंद शेजारी शेजारी लिहावी. तीच गोळी दोन्ही यंत्रांवर मंद दिसली तर दोष काडतुसात आहे. एकावरच दिसली तर यंत्रात. यंत्रांच्या सरासरीत कायम दहा फुटांचा फरक असला तरी चालतो, कारण तो गोळ्यांमधील परस्पर फरकाला धक्का लावत नाही. रडार वापरताना मात्र शेजारच्या नेमबाजाची गोळी आपल्या यादीत आलेली नाही, हे पाहावे.

मोजलेला वेग नळीच्या तोंडाशीच असलेला वेग समजणे ही लहानशी पण चिवट चूक आहे. पंधरा फूट पुढे ठेवलेल्या यंत्रापर्यंत ही गोळी आठ-नऊ फूट प्रति सेकंद वेग गमावते. गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या बॅलिस्टिक ॲपमध्ये क्रोनोग्राफचे अंतर भरले नाही, तर 1000 यार्डांवरचा हिशेब सुमारे तीन इंचांनी चुकतो. नळीला बांधायच्या क्रोनोग्राफमध्ये हा प्रश्न नसतो, पण त्याच्या वजनाने नळीचे कंपन बदलते, त्यामुळे तो लावलेला असताना लक्ष्यावरील गोळ्यांच्या समूहावरून काही ठरवू नये.

SD शून्याकडे नेण्याचा हट्ट

वेगातील फरकामुळे गोळ्या उभ्या दिशेत पसरतात. समूह आडवा पसरला असेल, तर आधी वाऱ्याचा अंदाज तपासावा. उभ्या दिशेतही सारा दोष वेगाचा नसतो. रायफल आणि नेमबाज मिळून 1000 यार्डांवर उभे विचलन 3 इंच येत असेल आणि वेगामुळे 3.2 इंचांची भर पडत असेल, तर दोन्ही मिळून ते 6.2 होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यावर सुमारे 4.4 येते. वेगाची SD निम्मी केली तर ते 3.4 होते, आणि शून्य केली तरी 3 च्या खाली जात नाही. निम्म्यापर्यंतचे कष्ट नक्की फळतात. त्यापुढे काडतुसाऐवजी रायफलच्या बैठकीकडे लक्ष दिलेले अधिक लाभाचे ठरते.