एक्स-वर्क्स माल तयार झाला: पुरवठादाराला काय कळवायचं, ग्राहकाचा ट्रक कसा भरून द्यायचा

कारखाना बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत. ऑर्डर देणारा पुरवठादार पुण्याचा. त्याने तोच माल पुढे नाशिकच्या ग्राहकाला विकलेला आणि ट्रक पाठवणार ग्राहक. गाडी एकच असली तरी व्यवहार दोन आणि माणसं तीन, म्हणून घोळ बहुतेक कागदांत होतो, मालात नाही. उदाहरणासाठी १० पॅलेट धरू: प्रत्येकाचा तळ ४ बाय ३ फूट, पॅकिंगसह वजन ६२० किलो, एकूण ६,२०० किलो.

१. ‘तयार’ म्हणजे काय ते आधी ठरवा

तपासणी झाली, पॅकिंग झालं, प्रत्येक पॅलेटवर ऑर्डर क्रमांक आणि ‘१/१०’, ‘२/१०’ अशी चिठ्ठी लागली, की मगच माल तयार. एक्स-वर्क्समध्ये, म्हणजे घेणाऱ्याने कारखान्यातून स्वतः माल उचलायच्या व्यवहारात, ठरल्या जागी, ठरल्या वेळी माल घेणाऱ्याच्या हवाली ठेवला की जोखीम त्याच्याकडे जाते. पण तो माल त्याच ऑर्डरचा म्हणून वेगळा ओळखता आला पाहिजे. चिठ्ठी नसलेले पॅलेट इतर मालात उभे असतील तर जोखीम गेली असं म्हणता येत नाही. ‘उद्यापर्यंत होईल’ या भरवशावर कळवू नका. रिकाम्या उभ्या ट्रकचं भाडं कोणी द्यायचं यावरून हमखास वाद होतो.

पुरवठादाराला ईमेलच करा, फोन नंतर. मजकूर एवढा पुरे:

“आपल्या ऑर्डर क्र. ___ चा माल तयार आहे. १० पॅलेट, प्रत्येकी ४ × ३ फूट, उंची ४ फूट, एकावर एक ठेवू नयेत. एकूण वजन ६,२०० किलो. माल ___ तारखेपासून सकाळी ९.३० ते दुपारी ४.३० पर्यंत मकरपुरा येथून उचलता येईल. फोर्कलिफ्ट आमची. गाडी क्रमांक, ड्रायव्हरचं नाव व मोबाइल आदल्या दिवशी कळवावा. ___ तारखेनंतर जागाभाडं लागेल.”

दिवाळीच्या सुमारास कळवत असाल तर सुट्टी ठळक लिहा. इथले बरेच कारखाने लाभपाचमेला उघडतात. पुण्यातल्या माणसाच्या ते ध्यानात नसतं आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी फाटकावर येऊन उभी राहते.

२. ट्रक वजनावर नव्हे, तळावर ठरवा

ग्राहक वजन बघून १९ फुटी गाडी सांगेल. सहा-साडेसहा टन ती सहसा ओढते, पण १० पॅलेट तिच्यात बसत नाहीत. रुंदीत ३-३ फुटांचे दोन पॅलेट शेजारी ठेवले तर लांबीत प्रत्येक ओळ ४ फूट घेते. पाच ओळींचे २० फूट झाले. पॅलेट आडवे-उभे करून बसवू म्हटलं तर ४ अधिक ३ असे पूर्ण ७ फूट रुंदी लागते, आणि आतून तेवढी मोकळी रुंदी क्वचितच मिळते. म्हणून २२ फुटी गाडी सांगा. मागे उरलेली जागा लाकडी ठोकळे लावायला कामी येते. हा हिशेब रेखाटनासह ईमेलला जोडला की ग्राहकाचा ट्रान्सपोर्टर वाद घालत नाही.

दुसरी अट म्हणजे बाजूचा फाळका उघडणारी गाडी. बंद कंटेनरमध्ये फोर्कलिफ्ट फक्त मागून भरते, आतले पॅलेट हॅन्ड पॅलेट ट्रकने ढकलावे लागतात आणि लाकडी तळाची फळी फुटली की तिथेच अडकतात.

३. कागद: कोणाचं बिल गाडीत जाईल?

कारखान्याचं बिल पुरवठादाराच्या नावे निघतं, पुरवठादाराचं ग्राहकाच्या नावे. ई-वे बिल मात्र एकच लागतं आणि दोघांपैकी कोणीही काढू शकतो. कारखान्याने काढलं तर गाडीत कारखान्याचं बिल जातं आणि ग्राहकाला मूळ भाव दिसतो. म्हणून पुरवठादाराने काढणं बरं: बिल पुण्याचं, ‘माल निघण्याची जागा’ मकरपुरा, पोहोचण्याची जागा नाशिक. कारखान्याने आपलं बिल माल निघण्यापूर्वी किंवा निघताना बनवायचंच, पण ते थेट पुण्याला ईमेलने पाठवायचं. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइसचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, गाडी निघण्याआधी घ्या.

करात एक चूक नेहमी दिसते. माल बडोद्यातच ग्राहकाच्या गाडीत दिला म्हणून काही जण बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी लावतात. गाडी कोणाची यावर ते ठरत नाही. माल पुरवठादाराच्या सांगण्यावरून तिसऱ्याला दिलेला असल्याने पुरवठ्याची जागा पुरवठादाराचं मुख्य ठिकाण, म्हणजे महाराष्ट्र, धरली जाते. कारखान्याच्या बिलावर आयजीएसटी येतो. पुरवठादाराच्या बिलावर मात्र सीजीएसटी-एसजीएसटी, कारण तो महाराष्ट्रातला आणि माल महाराष्ट्रातच पोहोचतो.

ई-वे बिलाचा पार्ट-ए आदल्या दिवशी भरून ठेवावा, ट्रान्सपोर्टरचा आयडी टाकून. पार्ट-बी, म्हणजे गाडी क्रमांक, गाडी फाटकात आल्यावरच. मुदत पार्ट-बी पहिल्यांदा भरल्यापासून मोजली जाते, दर २०० किलोमीटरला एक दिवस. आधीच भरून ठेवलं आणि गाडी दुसऱ्या दिवशी आली तर मुदत फुकट जाते. पार्ट-ए एकटा १५ दिवस टिकतो. ऐनवेळी गाडी बदलली तर नवा क्रमांक पार्ट-बीमध्ये टाकल्याशिवाय ती सोडू नका.

बिल्टीवर माल पाठवणारा पुण्याचा पुरवठादार, घेणारा नाशिकचा ग्राहक, भाडं ‘टू पे’, म्हणजे माल पोहोचल्यावर ग्राहकाने द्यायचं. ट्रान्झिट विम्याची सूचना ग्राहकाने गाडी लागण्याआधी दिलेली असावी. एक्स-वर्क्समध्ये गाडीत माल चढवणं कारखान्याचं काम नसतं. कारखान्याने फोर्कलिफ्ट लावली तरी जोखीम ग्राहकाची राहते, म्हणून विमा मकरपुऱ्यात माल चढवण्यापासून सुरू व्हायला हवा. हे ईमेलवर कबूल करून घ्या.

४. फाटकावर

ग्राहकाचं अधिकारपत्र, आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट आणि ड्रायव्हरचा परवाना बघा. गाडी क्रमांक आदल्या दिवशी कळवलेल्याशी जुळत नसेल तर पुरवठादाराला फोन करा, तोही आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. ड्रायव्हरने लावून दिलेल्या फोनवर मिळालेली खात्री ही खात्री नव्हे.

मग रिकामी गाडी काट्यावर. आत चढून फळ्यांतून वर आलेले खिळे आणि आधीच्या मालाचा तेलकट डाग बघा. ताडपत्री उन्हात ताणून खाली उभं राहिलं की भोकं लगेच दिसतात.

५. भरताना आणि भरल्यावर

पॅलेट चढताना चिठ्ठीचा क्रमांक मोठ्याने वाचून यादीवर खूण करा. मोजणारा एकच असावा आणि त्याने मध्ये चहाला जाऊ नये. पहिली ओळ केबिनकडच्या भिंतीला टेकवा. पॅलेट आणि भिंतीत मोकळी जागा राहिली तर ब्रेक लागताच पूर्ण रांग पुढे सरकते. प्रत्येक ओळीवर बेल्ट आणि शेवटच्या ओळीमागे खिळ्यांनी ठोकलेले ठोकळे. नुसत्या दोरखंडावर भिस्त ठेवू नका. तासाभराच्या हादऱ्यांनी तो सैल पडतो.

भरलेली गाडी पुन्हा त्याच काट्यावर, केबिनमध्ये तीच माणसं बसवून. दोन वजनांतला फरक ६,२०० च्या आसपास हवा. दहा-वीस किलोचा फेर चालतो. ५,५८० आला तर एक पॅलेट कारखान्यातच राहिलं. ६,८२० आला तर दुसऱ्या ऑर्डरचं एक चढलं.

ड्रायव्हरची सही ‘१० पॅलेट, पॅकिंग सुस्थितीत मिळाले’ या वाक्याखाली घ्या. फाळका लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी आणि मागून फोटो काढा, गाडी क्रमांक दिसेल असा एक जास्तीचा. फोटो, काट्याच्या दोन्ही पावत्या आणि सही केलेली यादी गाडी फाटकाबाहेर पडताच पुरवठादाराला पाठवा. नाशिकला एखादं पॅलेट फुटलेलं निघालं तर विमा कंपनी पुरवठादाराकडे आणि तो तुमच्याकडे पहिल्यांदा हेच मागेल.