चुकून जादा दिलेला पगार हप्त्याने परत घेताना पत्र कसे लिहावे

पगाराचे काम करणाऱ्यावर हे पत्र लिहायची वेळ कधीतरी येतेच. पत्रापूर्वी त्या माणसाला बोलावून समोरासमोर सांगा. जादा पैसे आले हे बहुतेकांच्या लक्षातही आलेले नसते. कागद थेट हातात पडला तर आपल्यावर आळ आला असे त्याला वाटते.

एक नमुना हिशेब घेऊ. एका कर्मचाऱ्याचे मूळ वेतन २४,००० रुपये होते. एप्रिल २०२५ पासून १,५०० रुपयांची वाढ मिळून ते २५,५०० व्हायला हवे होते. नोंद करताना मूळ वेतनाच्या रकान्यात २५,५०० भरले गेले आणि वाढीच्या वेगळ्या रकान्यात पुन्हा १,५००. सॉफ्टवेअरने दोन्हींची बेरीज केली आणि पगार २७,००० च्या हिशेबाने निघू लागला. घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या २० टक्के, म्हणून तोही ३०० रुपयांनी वाढला.

आधी नक्की किती मागायचे ते ठरवा

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. कागदावर दरमहा १,८०० रुपये जादा दिसतात. पण जादा १,५०० वर १२ टक्क्यांनी १८० रुपये भविष्य निर्वाह निधीत गेले, म्हणजे त्याच्या हातात पडले १,६२०. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांचे ११,३४० होतात आणि मागायचे तेवढेच. फंडात गेलेले पैसे त्याच्या खिशात आलेलेच नाहीत. त्यांची दुरुस्ती आपण वेगळी करायची आणि पत्रात तसे लिहायचे.

चूक कशी सापडली ते खरेखरे लिहा

‘तांत्रिक कारणामुळे’ हे दोन शब्द टाळाच. ते वाचून माणसाला वाटते, काहीतरी लपवताहेत. असे लिहा:

‘आपण मागितलेला पगाराचा दाखला तयार करताना वेतनवाढीचे पत्र आणि ऑक्टोबरची वेतनचिठ्ठी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा मूळ वेतनात १,५०० रुपयांचा फरक आढळला. एप्रिलमध्ये आमच्याकडून वाढीची नोंद दोनदा झाली होती. यात आपली काहीही चूक नाही. त्याच महिन्यात वाढ मिळालेल्या इतर सर्वांच्या नोंदीही तपासल्या असून त्या बरोबर आहेत.’

‘आपण जादा वेतन घेतले’ असे कुठेही येऊ देऊ नका. ‘आमच्याकडून जादा जमा झाले’ असेच लिहा. सोबत सात महिन्यांचा तक्ता जोडा: दिलेले, देय आणि फरक.

हप्ता ठरवताना हातात काय उरते ते पाहा

११,३४० चे चार हप्ते केले तर प्रत्येकी २,८३५ रुपये, डिसेंबर ते मार्च. मार्चपर्यंत मिटवणे सोयीचे, कारण आर्थिक वर्ष ओलांडले की आयकराचा हिशेब किचकट होतो. पण २,८३५ हा आकडा फसवा आहे. पगार दुरुस्त झाल्याने आधीच महिन्याला १,६२० कमी मिळणार आणि त्यावर हप्ता. ऑक्टोबरला त्याच्या हातात २८,९६० पडले होते. डिसेंबरला पडतील २४,५०५. म्हणजे घरखर्चात एकदम ४,४५५ रुपयांचा खड्डा. हे आकडे पत्रात स्पष्ट द्या, आणि पुढे लिहा:

‘हा हप्ता जड वाटत असल्यास सात दिवसांत कळवावे. हप्ते वाढवून रक्कम कमी करता येईल. हिशेबात फरक वाटल्यास तोही याच मुदतीत दाखवावा, तोवर कपात सुरू होणार नाही.’

सोसायटीचे कर्ज असेल तर तो हप्ताही मोजा. वेतन संहिता, २०१९ नुसार एका महिन्यातली एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही. मात्र ती कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत जायचे कारण नाही. नोकरी मध्येच सोडल्यास उरलेली रक्कम अंतिम हिशेबात धरली जाईल, हे एक वाक्य घाला.

सरकारी नोकरीत गोष्ट वेगळी आहे. तिथे याला ‘अतिप्रदान’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या रफिक मसीह प्रकरणात गट क आणि ड मधले कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा वेतन मिळालेले अशांकडून वसुली करू नये, असे सांगितले. अशा कार्यालयात हप्त्याचे पत्र काढण्यापूर्वी वसुली करता येते का, हेच पाहावे लागते.

सही आणि नोंद

पत्राच्या दोन प्रती काढा. एकीवर ‘हिशेब पाहिला, हप्ते मान्य’ अशी त्याची सही घ्या आणि दुसरी त्याला द्या. वेतनचिठ्ठीत ही कपात ‘इतर’मध्ये ढकलू नका. ‘जादा वेतन वसुली, हप्ता १/४, बाकी ८,५०५’ अशी वेगळी ओळ ठेवा. मार्चच्या चिठ्ठीत तिथे ‘४/४, बाकी ०’ दिसले पाहिजे.